काचेच्या परावर्तनाची दुप्पट आलेली मोजणी: समांतर आणि लंब ध्रुवित प्रकाशाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत तीन विद्यार्थ्यांच्या गटाला एक जुना आणि वरवर सोपा प्रयोग दिलेला होता. काचेच्या सपाट पृष्ठभागावर लेझरचा झोत टाकायचा, आपाती कोन वाढवत न्यायचा आणि प्रत्येक कोनाला किती टक्के प्रकाश परावर्तित होतो ते दोन वेळा मोजायचे. पहिल्या वेळी प्रकाशाचे विद्युत कंपन आपाती प्रतलाला समांतर असते आणि दुसऱ्या वेळी त्या प्रतलाला लंब. आपाती प्रतल म्हणजे आपाती किरण आणि पृष्ठभागाची स्तंभिका यांना सामावणारे प्रतल. मांडणी टेबलावर आडवी असल्यामुळे येथे समांतर म्हणजे आडवे कंपन आणि लंब म्हणजे उभे कंपन होते. पुढे समांतर घटकाच्या परावर्तकतेला Rp आणि लंब घटकाच्या परावर्तकतेला Rs म्हटले आहे.

साधने नेहमीचीच होती: ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा हेलियम-निऑन लेझर, पत्र्याच्या चौकटीत बसवलेला पोलरायझर, अंशांच्या खुणा असलेली फिरती बैठक, क्राउन काचेची सुमारे ६ मिलिमीटर जाडीची समांतर पृष्ठांची पट्टी आणि सेंटिमीटरभर रुंदीचा फोटोडायोड. या काचेचा त्या तरंगलांबीला अपवर्तनांक १.५१५ धरला होता.

अपेक्षित किमती फ्रेनेलच्या सूत्रांवरून काढता येतात. आपाती कोन a आणि अपवर्तित कोन b असेल, तर

```
sin a = n sin b
Rs = sin²(a − b) / sin²(a + b)
Rp = tan²(a − b) / tan²(a + b)
```

ही सूत्रे एकाच पृष्ठभागासाठी आहेत, म्हणजे हवेतून काचेत जाताना होणाऱ्या परावर्तनासाठी. हे वाक्य प्रयोगपुस्तिकेतही होते, परंतु त्याचे वजन पहिल्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही. n = १.५१५ घेतल्यास किमती अशा येतात:

| आपाती कोन | Rs (टक्के) | Rp (टक्के) |
|---|---|---|
| १०° | ४.४ | ४.० |
| ३०° | ६.० | २.७ |
| ४५° | ९.६ | ०.९१ |
| ५६.६° | १५.४ | ० |
| ६०° | १८.२ | ०.१६ |
| ७५° | ४०.६ | १०.६ |
| ८०° | ५४.४ | २३.६ |
| ८५° | ७३.६ | ४९.२ |

सरळ समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी समांतर आणि लंब असा भेदच उरत नाही, आणि दोन्ही परावर्तकता ४.२ टक्क्यांवर एकत्र येतात. तेथून पुढे Rs सतत वाढत जाते. Rp मात्र आधी उतरते, ५६.६ अंशांना शून्य होते आणि मग झपाट्याने चढते. या कोनाला ब्रूस्टर कोन म्हणतात आणि त्याची टॅन्जेंट म्हणजेच काचेचा अपवर्तनांक. शून्य का, याचे कारण काचेच्या आत शोधावे लागते. परावर्तित प्रकाश काचेतील विद्युतभारांच्या कंपनातून निघतो, आणि कंप पावणारा भार आपल्या कंपनाच्या दिशेने प्रकाश उत्सर्जित करत नाही. ब्रूस्टर कोनाला अपवर्तित आणि परावर्तित किरण एकमेकांशी काटकोनात असतात, त्यामुळे समांतर ध्रुवित प्रकाशाने हलवलेल्या भारांचे कंपन नेमके परावर्तित किरणाच्या दिशेत येते आणि त्या दिशेने काहीच निघत नाही. लंब घटकाचे कंपन मात्र त्या दिशेला कायम आडवे असते; म्हणून Rs कोणत्याही कोनाला शून्य होत नाही.

अडचण

गटाच्या पहिल्या तक्त्यात १० अंशांना लंब घटकासाठी ८.५ टक्के आणि समांतर घटकासाठी ७.८ टक्के, ४५ अंशांना अनुक्रमे १७.४ आणि २.१ टक्के, आणि ८० अंशांना लंब घटकासाठी ७०.६ टक्के अशा किमती आल्या. समांतर घटकाचा तळ ५६ ते ५७ अंशांच्या दरम्यान होता, पण तो शून्यापर्यंत न जाता ०.४ टक्क्यांवर थांबत होता. शिवाय याच कोनाला तेच वाचन काही मिनिटांनी पुन्हा घेतले, तर ते ठळकपणे बदललेले असे, आणि त्यामुळे तक्त्यातील आकडे अनेक वाचनांची सरासरी काढून लिहिले होते.

एकूण तक्रारी तीन होत्या: किमती जवळपास दुप्पट, तळ भरलेला आणि वाचन अस्थिर. या तीन गोष्टींचे कारण एकच असावे, असे गटाने गृहीत धरले होते. या प्रकरणातील सर्वांत जास्त वेळ या गृहीतकाने खाल्ला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रस्ताव असा होता की काचेचा अपवर्तनांकच वेगळा असावा. लहान कोनांवरील दोन्ही घटकांची सरासरी साधारण ८.१ टक्के येते. समोरून पडणाऱ्या प्रकाशाच्या सूत्रात ती घातली की अपवर्तनांक सुमारे १.८ मिळतो. इतक्या अपवर्तनांकाच्या जड फ्लिंट काचा असतात, तेव्हा पट्टीवरची चिठ्ठी चुकीची असणे अगदीच अशक्य नव्हते. परंतु १.८ अपवर्तनांकाच्या काचेचा ब्रूस्टर कोन ६१ अंशांजवळ हवा, आणि गटाचा तळ तर ५६ ते ५७ अंशांत दिसत होता. एकाच तक्त्यातील उंची एक अपवर्तनांक सांगत होती आणि तळाची जागा दुसरा. येथे गटाने घेतलेला निर्णय महत्त्वाचा आहे: त्यांनी दोन्हींचा मध्य साधणारा अपवर्तनांक शोधण्याचा नाद सोडला आणि तळाच्या जागेवर विश्वास ठेवला. माझ्या मते तो योग्य होता, कारण तळाची जागा प्रकाशाच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर अवलंबून नसते. उंची मात्र पूर्णपणे तिच्यावरच अवलंबून असते.

दुसरा प्रस्ताव मोजपट्टीच बदलण्याचा होता. १० अंशांची किंमत ४.४ यावी म्हणून सर्व वाचनांना ०.५२ ने गुणायचे. हा उपाय फसवा आहे, आणि तो किती फसवा आहे ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. असे केल्यावर ४५ अंशांची लंब परावर्तकता ९.० टक्के होते, म्हणजे अपेक्षित ९.६ च्या इतकी जवळ की प्रायोगिक त्रुटी म्हणून सोडून द्यावीशी वाटेल. परंतु ८० अंशांना हाच गुणक ३६.७ टक्के देतो, आणि तेथे ५४.४ अपेक्षित आहेत. वाचने लहान कोनांवर दुपटीच्या जवळ होती, तर ८० अंशांवर फक्त १.३ पट. जो दोष कोनाप्रमाणे असा बदलतो, तो डिटेक्टरच्या संवेदनशीलतेचा किंवा लेझरच्या शक्तीचा असू शकत नाही.

कोडे सुटण्याची सुरुवात ४५ अंशांच्या एका गुणधर्मापासून झाली. एकाच पृष्ठभागावर ४५ अंशांना Rp ही Rs च्या वर्गाइतकी असते, आणि हे कोणत्याही अपवर्तनांकाला लागू पडते. वरच्या सूत्रांत a = ४५ अंश घातले की Rs चे रूप tan²(४५° − b) होते आणि Rp चे tan⁴(४५° − b). काच कोणती आहे, हे माहीत असण्याची गरजच नाही. गटाच्या आकड्यांत ०.१७४ चा वर्ग ०.०३० येतो आणि मोजलेली Rp मात्र ०.०२१ होती. म्हणजे मोजले जाणारे परावर्तन एकाच पृष्ठभागाचे नव्हते, हे अपवर्तनांकाचा वाद न घालता ठरले.

यानंतर एका विद्यार्थिनीने फोटोडायोडच्या जागी पांढरा कागद धरला, तेव्हा त्यावर शेजारी शेजारी दोन लाल ठिपके दिसले. एक पट्टीच्या पुढच्या पृष्ठाचा, दुसरा मागच्या पृष्ठाचा. ६ मिलिमीटर जाडीच्या या पट्टीसाठी ४५ अंशांना त्यांच्यातील अंतर साडेचार मिलिमीटरच्या आसपास येते, आणि सेंटिमीटरभर रुंदीच्या फोटोडायोडवर दोन्ही आरामात मावतात. ठिपके एकमेकांवर पडत नसल्यामुळे व्यतिकरणाचा प्रश्न नव्हता. तीव्रता सरळ मिळवल्या जात होत्या. आतल्या आत होणारी पुनःपुन्हाची परावर्तने धरून दोन पृष्ठांची एकूण परावर्तकता 2R / (1 + R) येते. ४५ अंशांना लंब घटकासाठी ही किंमत १७.४ टक्के आहे आणि ८० अंशांना ७०.५ टक्के. पहिल्या तक्त्यातील उंचीचा सगळा उलगडा यात झाला.

तळ भरलेला का होता, याचे उत्तर मात्र यातून मिळत नाही, आणि येथे गट दुसऱ्यांदा अडखळला. बाहेरून ब्रूस्टर कोनाने आत शिरलेला किरण मागच्या पृष्ठावर आतल्या बाजूच्या ब्रूस्टर कोनानेच पडतो. त्यामुळे तेथेही समांतर घटकाचे परावर्तन शून्यच असते. सूत्रातही तेच दिसते: R शून्य असेल तर 2R / (1 + R) देखील शून्य. मागचे पृष्ठ उंची दुप्पट करू शकते, तळ भरू शकत नाही. तेव्हा ०.४ टक्क्यांचे कारण वेगळे शोधणे भाग होते.

केलेली कृती

मागच्या पृष्ठाचे परावर्तन टाळण्याचे तीन मार्ग समोर होते. फोटोडायोडपुढे बारीक छिद्राचा पडदा लावून दुसरा ठिपका अडवणे हा सर्वांत झटपट मार्ग; परंतु दोन ठिपक्यांतील अंतर कोनाप्रमाणे बदलते, १० अंशांना आणि ८० अंशांना ते दोन मिलिमीटरच्याही आत येते, त्यामुळे प्रत्येक वाचनाला पडदा नव्याने जुळवावा लागला असता. पट्टीची मागची बाजू काळी रंगवणे हा दुसरा मार्ग. रंगाच्या माध्यमाचा अपवर्तनांक काचेच्या जवळ असल्यामुळे बराच प्रकाश रंगात शिरून शोषला जातो, पण थोडे परावर्तन उरतेच आणि ते किती उरले हे वेगळे तपासावे लागते. गटाने तिसरा मार्ग निवडला: पट्टी काढून त्याच जातीच्या काचेचा साठ अंशांचा प्रिझम बसवला. प्रिझममध्ये शिरलेला झोत दुसऱ्या, कललेल्या पृष्ठावर जातो आणि त्याचा उरलेला भाग पूर्णपणे निराळ्या दिशेने बाहेर पडतो. प्रत्येक कोनाला कागद धरून फोटोडायोडवर एकच ठिपका येतो, याची खात्री करून घेतली.

तळासाठी दोन तपासण्या केल्या. लेझरपुढे झाकण धरले तरी फोटोडायोडवर पूर्ण झोताच्या ०.१ टक्क्याइतके वाचन शिल्लक राहत होते. हा खोलीतील प्रकाश आणि डिटेक्टरचा स्वतःचा अंधारप्रवाह. तेव्हापासून प्रत्येक वाचनाबरोबर झाकलेल्या झोताचे वाचन घेऊन ते वजा केले. उरलेल्या ०.३ टक्क्यासाठी पोलरायझरवर संशय गेला. पोलरायझरचा अक्ष आपाती प्रतलापासून थोडा कललेला असेल, तर लंब घटकाचा काही अंश झिरपतो. ब्रूस्टर कोनाला पट्टीची एकूण लंब परावर्तकता २६.८ टक्के असते, आणि ६ अंशांच्या कलासाठी सहा अंशांच्या साइनचा वर्ग, म्हणजे ०.०११, इतका भाग झिरपला की ०.३ टक्के भरतात. चौकटीवर रंगवलेली खूण अक्षाची असेल, असे मानून गटाने ती शून्यावर लावली होती. आता त्यांनी उलट दिशेने काम केले: प्रिझम ५६.६ अंशांवर ठेवून पोलरायझर हळूहळू फिरवला, जेथे परावर्तन सर्वांत कमी झाले तेथे नवी खूण केली, मग बैठकीचा कोन पुन्हा थोडा सरकवून तळ शोधला आणि पोलरायझर पुन्हा तपासला. दोन फेऱ्यांत दोन्ही स्थिर झाले. जुनी खूण खऱ्या अक्षापासून सुमारे ६ अंश दूर होती. काचेच्या ब्रूस्टर कोनाने पोलरायझरचा अक्ष ठरवणे ही मला खुणेवर भरवसा ठेवण्यापेक्षा कधीही अधिक खात्रीची पद्धत वाटते, कारण येथे संदर्भ प्रत्यक्ष आपाती प्रतलाचाच असतो.

वाचनांच्या अस्थिरतेचे मूळ लेझरमध्ये होते. नळीवर अध्रुवित असे लिहिले होते. अशा हेलियम-निऑन नळीत लगतच्या दोन कंपनप्रकारांचे ध्रुवण सहसा परस्परांना लंब असते, आणि नळी तापून लांबताना शक्ती एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे सरकत राहते. एकूण शक्ती स्थिर दिसते, पण पोलरायझरमधून येणारा भाग वर-खाली होतो. नळी आधी बराच वेळ तापू देणे हा अर्धा उपाय झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी पोलरायझरनंतर काचेची पातळ पट्टी ठेवून झोताचा छोटा हिस्सा दुसऱ्या फोटोडायोडकडे वळवला आणि प्रत्येक वाचन त्या हिश्श्याशी भागून घेतले.

ही पट्टी प्रथम सवयीने ४५ अंशांवर बसवली होती. लंब घटकासाठी ती १७ टक्के प्रकाश वळवत होती आणि समांतर घटकासाठी २ टक्केही नाही, त्यामुळे समांतर वाचनांच्या वेळी दुसऱ्या फोटोडायोडचा संकेत गोंधळात बुडाला. मोजायची तीच गोष्ट मोजण्याच्या साधनात शिरली होती. पट्टी १० अंशांवर आणली, तेव्हा दोन्ही घटकांसाठी वळणारा हिस्सा ८ टक्क्यांच्या आसपास आला. उरलेला थोडा फरक काढण्यासाठी प्रिझम बाजूला करून थेट झोताचे गुणोत्तर दोन्ही ध्रुवणांसाठी स्वतंत्रपणे मोजून ठेवले.

निष्पत्ती

नव्या मांडणीत ४५ अंशांना Rs ९.५ टक्के आणि Rp ०.९ टक्के आली. ०.०९५ चा वर्ग ०.००९०, म्हणजे तपासणी उत्तीर्ण झाली. तळ ०.०२ टक्क्यांवर उतरला. हा उरलेला अंश प्रिझमच्या पृष्ठावरील विखुरणाचा असावा, कारण पृष्ठ पुसल्यावर तो आणखी थोडा कमी झाला.

तरीही एक विसंगती उरली होती. तळ ५६.८ अंशांवर येत होता आणि त्यावरून अपवर्तनांक १.५२८ मिळत होता. दुसरीकडे ८० अंशांच्या खुणेवर Rs ५३.८ आणि Rp २२.९ होती, दोन्ही अपेक्षेपेक्षा किंचित कमी. दोन्ही लक्षणे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: खुणेवर दिसणारा कोन खऱ्या कोनापेक्षा ०.२ अंशाने मोठा होता. प्रिझम बसवताना स्तंभिकेचे शून्य तेवढे सरकले होते. गटाने स्तंभिकेच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना वाचने घेतली. एका बाजूला जी त्रुटी अधिक होती, ती दुसऱ्या बाजूला तितकीच उणे झाली, आणि सरासरीने तळ ५६.६ अंशांवर व अपवर्तनांक १.५१७ आला.

तळाची नेमकी जागा ठरवताना त्यांनी एक चांगली युक्ती वापरली. ५५ ते ५८ अंशांच्या पट्ट्यात Rp ०.०३ टक्क्यांहूनही कमी असते, त्यामुळे वक्र तेथे सपाट दिसतो आणि सर्वांत खालचा बिंदू डोळ्यांनी निवडणे अवघड होते. म्हणून Rp चे वर्गमूळ काढून तळाच्या पुढच्या बाजूला त्याचे चिन्ह उणे केले. हे केवळ सोयीचे नाही. परावर्तित तरंगाच्या आयामाचे चिन्ह ब्रूस्टर कोनाला खरोखरच बदलते. अशा आलेखात ५० ते ६२ अंशांची वाचने एका सौम्य वक्रावर येतात आणि तो वक्र शून्याला स्पष्टपणे छेदतो. लंब घटक झिरपत असेल, तर याच आलेखात तळाजवळ तुटलेली पायरी दिसते.

वेगळे काय करता आले असते

४५ अंशांची तपासणी पहिल्याच दिवशी, संपूर्ण तक्ता भरण्याआधी करता आली असती. त्यासाठी दोनच वाचने लागतात आणि काचेचा अपवर्तनांक लागत नाही. फोटोडायोड लावण्यापूर्वी कागदावर ठिपके पाहणे त्याहूनही सोपे होते.

वाचने सर्व कोनांवर सारख्या ५ अंशांच्या अंतराने घेणे हाही फेरविचार करण्यासारखा निर्णय आहे. १० ते ४० अंशांच्या दरम्यान दोन्ही वक्र संथ आहेत, तेथे तीन-चार वाचने पुरतात. ८० अंशांच्या पुढे मात्र Rs दर अंशाला सुमारे ४ आणि Rp सुमारे ५ टक्केबिंदूंनी चढते, तेव्हा अर्ध्या अंशाची चूक Rp मध्ये अडीच टक्केबिंदूंची चूक ठरते. तेथे एका अंशाच्या अंतराने आणि दोन्ही बाजूंनी वाचने घ्यायला हवी होती. ८५ अंशांना झोताचा ठसा पृष्ठावर मूळ व्यासाच्या साडेअकरा पट लांब पसरतो. प्रिझमचे पृष्ठ बैठकीच्या अक्षावर नेमके नसेल, तर ठशाची एक कड पृष्ठाबाहेर जाऊन प्रकाश परावर्तित न होताच पुढे निघून जातो. गटाची ८५ अंशांची दोन्ही वाचने तक्त्यापेक्षा कमी आली होती, आणि शून्याची दुरुस्ती करूनही ती पूर्ण जुळली नाहीत. प्रिझमच्या कडेमागे कागद धरल्यावर तेथे मंद लाल रेघ दिसली, म्हणून ती वाचने अहवालात वगळलेली म्हणून नोंदवून आलेख ८० अंशांवर थांबवला.